आश्रमशाळेतल्या मुलांचं रक्त घेण्याआधी: आईबापाची संमती आणि मुलाचा होकार

मुख्याध्यापकांनी सही दिली म्हणजे संमती मिळाली, हा गैरसमज आम्हाला सातपुड्यातल्या जवळपास प्रत्येक आश्रमशाळेत भेटतो. सर म्हणतात, "पोरं आमच्याच ताब्यात आहेत, आईबाप येतात कधी? मी सही करतो, तुम्ही रक्त घ्या." त्यांचा हेतू चांगला असतो. दोनशे-अडीचशे मुलांचं जेवण, आजारपण, परीक्षा सगळं तेच बघतात. पण ताब्यात असणं वेगळं आणि पालक असणं वेगळं. मुख्याध्यापक आपल्याला शाळेत येऊ देऊ शकतात, खोली देऊ शकतात, वेळापत्रकात तास देऊ शकतात. मुलाच्या दंडात सुई घालायची परवानगी ते देऊ शकत नाहीत.

धडगाव, अक्कलकुवा, तळोदा या पट्ट्यात सिकलसेल या आईबापांकडून येणाऱ्या रक्ताच्या आजारावर काम करताना ही प्रक्रिया आम्ही पुन्हा पुन्हा केली आहे. इथे आठवी-नववीच्या मुलांचा एक अभ्यास धरून ती सांगतो. प्रत्येक मुलाचं एकदाच 2 मिलीलिटर रक्त घ्यायचं, त्यात हिमोग्लोबिन आणि सिकलसेल बघायचं, आणि दोन्हींचा थकव्याशी नि गैरहजेरीशी काय संबंध आहे ते शोधायचं. बोटाला टोचून करतात त्या सोल्युबिलिटी चाचणीत रक्तात सिकलचा दोष आहे की नाही एवढंच कळतं. मूल नुसतं वाहक आहे की खरोखर आजारी, हे त्यातून कळत नाही. त्यासाठी एचपीएलसी ही प्रयोगशाळेतली चाचणी करावी लागते, म्हणून शिरेतलं रक्त. हे कारण आधी स्वतःला नीट कळलेलं असावं, कारण पहिला प्रश्न तोच येतो. साक्रीकडची अहिराणी बोलणारी आई सरळ विचारते, "रगत कसाले लेतस?"

परवानग्यांची एक उतरंड असते. आधी संशोधनाला मान्यता देणारी एथिक्स कमिटी, मग आदिवासी विकासचं प्रकल्प कार्यालय, मग मुख्याध्यापक, मग गावचे कारभारी आणि पोलीस पाटील, मग आईबाप आणि शेवटी मूल. यातली कुठलीही परवानगी पुढच्याची जागा घेत नाही. कारभाऱ्यांनी ग्रामसभेत "घ्या" म्हटलं तरी एखादी आई "माझ्या पोराचं नको" म्हणू शकते, आणि तिथे गोष्ट संपते. कारभाऱ्यांना हे आधीच मोकळेपणाने सांगून ठेवावं. नाहीतर आपला शब्द पडला असं त्यांना वाटतं आणि त्या आईवर गावात दबाव येतो.

वयाचं गणित भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, म्हणजे आयसीएमआरच्या, 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांत दिलेलं आहे. अठरा वर्षांखालच्या प्रत्येक मुलासाठी पालकांची संमती लागते. सात वर्षांखालच्या मुलाचा वेगळा होकार नोंदवायचा नसतो. सात ते बारा या वयात मुलाला त्याच्या भाषेत समजावून, पालकांसमोर तोंडी होकार घ्यायचा आणि तो लिहून ठेवायचा. बारा ते अठरा या वयात मुलाच्या नावाचं वेगळं होकारपत्र लागतं, त्यावर त्याची स्वतःची सही लागते. पालकांची संमती आणि मुलाचा होकार हे दोन वेगळे कागद आहेत आणि दोन्ही असल्याशिवाय सुई उघडायची नाही.

आपल्याकडे यात एक बारीक अडचण येते. शाळेच्या दाखल्यात कितीतरी मुलांची जन्मतारीख 1 जून असते. ती खरी तारीख नसते, पहिलीत नाव घालताना गुरुजींनी सोयीने टाकलेली असते. त्यामुळे दाखल्यावर अकरा वर्षं अकरा महिन्यांचं मूल प्रत्यक्षात साडेबारा किंवा तेरा वर्षांचं असू शकतं. बाराच्या आसपासच्या प्रत्येक मुलाकडून आम्ही लेखी होकारच घेतो. मोठ्या मुलाला लहान समजण्याची चूक लहानाला मोठं समजण्यापेक्षा जास्त महागात पडते.

संमती एका पालकाची की दोघांची, हे धोक्यावर ठरतं. संशोधनासाठी शिरेतून थोडं रक्त घेणं हे अगदी किमान धोक्याच्या जरा वरचं धरलं जातं. त्यामुळे कमिटी एकाच पालकावर थांबेल की दोघांना विचारायला लावेल, हे अर्ज करतानाच स्पष्ट करून घ्यावं. आम्ही आराखडाच असा करतो की दोघं घरी असतील तर दोघांशी बोलायचं. बापाने घाईत सही केली आणि आईला संध्याकाळी कळलं, की दुसऱ्या दिवशी ती शाळेच्या फाटकात उभी असते. आणि तिचं बरोबर असतं.

आता खरा पेच. दिवाळी झाली की निम्मं गाव ऊसतोडीला जातं. काही बारडोलीकडे, काही पश्चिम महाराष्ट्रात. मुलं शाळेत राहतात किंवा घरी आजीकडे. संशोधनाचं वेळापत्रक मात्र बहुतेक वेळा डिसेंबर-जानेवारीचं असतं, कारण तेव्हा हवा थंड असते, रस्ते कोरडे असतात, नमुने टिकतात. म्हणजे आपल्याला सोयीचे महिने नेमके पालक नसतानाचे. मग कुणीतरी म्हणतं, आजीचा अंगठा घेऊ. आजी मुलाला सांभाळते, पण आईबाप जिवंत असताना केवळ सांभाळते म्हणून ती कायद्याने पालक होत नाही. कुणी म्हणतं, फोनवर विचारू. उसाच्या फडात रात्री नऊ वाजता, दिवसभर कोयता चालवलेल्या बापाला रेंज तुटत असताना चार मिनिटं बोलून जो "हा, हा" मिळतो, तो आम्ही संमती धरत नाही. फोन आम्ही वापरतो, पण फक्त आगाऊ कल्पना द्यायला: "होळीला घरी याल तेव्हा आम्ही भेटायला येऊ. तोवर विचार करा, कुणाला विचारायचं असेल त्याला विचारा."

म्हणून आमचं काम होळीला बांधलेलं असतं. होळीआधी भोंगऱ्याचे बाजार भरतात आणि बाहेर गेलेला माणूस त्यासाठी हमखास परततो. बाजाराच्या दिवशी मात्र संमती घ्यायची नाही. ढोल वाजत असतो, लोक सणाच्या घाईत असतात, काही जण प्यायलेले असतात. त्या दिवशी फक्त भेटायचं आणि दिवस ठरवायचा. बसून बोलणं होळी झाल्यावर, पाड्यावर, त्यांच्या अंगणात. एका घराला पाऊण तास धरा. दिवसात सहा घरं झाली तर चांगला दिवस. एका दिवसात तीस फॉर्म भरून आणणारा कार्यकर्ता समजावून सांगत नसतो, अंगठे गोळा करत असतो. फॉर्म बघितले की ते ओळखू येतं: एकच शाई, एकच अक्षर, एकच तारीख, आणि वेळेच्या रकान्यात पाच-पाच मिनिटांचं अंतर.

अंगठ्याबद्दल इथे जरा थांबावं लागेल. नर्मदाकाठच्या अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यांतली 33 गावं सरदार सरोवराच्या बुडितात आली. त्यानंतर पुनर्वसनाचे कागद, वनपट्ट्यांचे दावे, मोजणीचे कागद हे सगळं लोकांनी पाहिलं आहे. त्यामुळे कोऱ्या वाटणाऱ्या कागदावर अंगठा मागणाऱ्या माणसाकडे ते संशयाने बघतात, आणि तो संशय अनुभवातून आलेला आहे. त्याला अडाणीपणा म्हणणारा कार्यकर्ता आम्ही बरोबर नेत नाही. कागद बाहेर काढण्याआधी तो कशाचा नाही हे सांगावं: जमिनीचा नाही, पट्ट्याचा नाही, रेशनचा नाही, शाळेतून नाव काढण्याचा नाही. मग पूर्ण वाचून दाखवावा. वाचता न येणाऱ्या पालकांसाठी वाचता येणारा, त्रयस्थ साक्षीदार लागतो. तो आपल्या चमूतला नको आणि शाळेचा शिक्षकही नको, कारण शिक्षकासमोर बाप "नाही" म्हणणार नाही. पाड्यावरचा बारावी झालेला एखादा मुलगा किंवा बचत गटाची लिहिणारी बाई चालते. साक्षीदार पहिल्या वाक्यापासून हजर हवा. शेवटी बोलावून सही घेतलेला साक्षीदार काही उपयोगाचा नाही. आशाताई दुभाषी म्हणून उत्तम, पण साक्षीदार म्हणून नको, कारण लोक तिला दवाखान्याचीच समजतात. आणि सही झाली की कागदाची एक प्रत घरात ठेवायलाच हवी. ती प्रत पत्र्याच्या पेटीत गेली की लोकांचा आपल्यावर थोडा जास्त विश्वास बसतो, असा आमचा अनुभव आहे.

माहितीपत्रक मराठीत असतं, बोलणं पावरीत किंवा भिलीत होतं. मधल्या उडीत अर्थ सांडतो. कमिटी मराठी मसुद्याचं उलट भाषांतर मागते, पण बोलीतल्या सांगण्याचं उलट भाषांतर कुणी मागत नाही. आम्ही ते स्वतःच करतो. दुभाष्याने पावरीत सांगितलेलं रेकॉर्ड करायचं, अभ्यास माहीत नसलेल्या दुसऱ्या पावरी माणसाला ऐकवायचं आणि तो मराठीत काय सांगतो ते लिहून घ्यायचं. "सहभाग ऐच्छिक आहे" हे वाक्य परत येताना "तुमची इच्छा असायला पाहिजे" असं झालं होतं. अर्थ बरोबर उलटा झाला. तेव्हापासून आम्ही ते लिहितच नाही. "नाही म्हटलं तरी चालतं. नाही म्हटलं तर शाळा, जेवण, औषध काहीही बंद होत नाही." एवढं पुरतं.

सगळ्यात चिवट गैरसमज मात्र वेगळाच आहे. पालकांना वाटतं, ही उपचाराची तपासणी आहे. यात त्यांची चूक नाही. 2023 पासून सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान चालू आहे, सरकारी चमू येतात, रक्त तपासतात, कार्ड देतात. आपणही पांढरी पेटी घेऊन येतो, आपणही रक्त घेतो. फरक समजावून सांगावा लागतो. आम्ही साधारण असं सांगतो: "सरकारी शिबिरात रक्त घेतात ते तुमच्या पोराला आजार आहे का हे बघायला. आम्ही घेतो ते एक प्रश्न सोडवायला. सिकलची पोरं शाळेत मागं का पडतात, हे आम्हाला अजून माहीत नाही. त्याचं उत्तर तुमच्या पोराला आज कामाला येणार नाही, कदाचित कधीच येणार नाही. तुमच्या पोराचा निकाल आम्ही तुम्हाला देऊ, आजार निघाला तर नंदुरबारच्या जिल्हा रुग्णालयात पाठवू. पण आम्ही औषध द्यायला आलेलो नाही." हे ऐकून काही जण नाही म्हणतात. मग म्हणू द्यावं. फायदा फुगवून मिळवलेला होकार पुढे टिकत नाही.

रक्त किती, हे आकड्याने कळत नाही. आम्ही जांभळ्या बुचाची रिकामी नळी, पाणी आणि चहाचा चमचा घेऊन जातो. नळीत 2 मिलीलिटरच्या खुणेपर्यंत पाणी भरतो आणि ते चमच्यात ओततो. लहान चमच्यात 5 मिलीलिटर मावतं, त्यामुळे तो निम्माही भरत नाही. मग सांगतो की तीस किलोच्या पोराच्या अंगात साधारण दोन लिटर रक्त असतं, म्हणजे दोन पाण्याच्या बाटल्यांतला हा अर्धा चमचा. हे पालकांनी स्वतःच्या हाताने ओतून बघितलं तर अजून बरं. दुखेल का, या प्रश्नाला "मुंगी चावल्यासारखं" असं उत्तर देऊ नये. सुई दुखते. थोडं काळंनिळं होऊ शकतं, एखाद्याला चक्कर येते, कधी पहिल्यांदा शीर सापडत नाही. दोनदा प्रयत्न करून नाही मिळालं तर आम्ही थांबतो, आणि हे फॉर्मात लिहिलेलं असतं.

निकालाचं बोलणं संमतीच्या वेळीच व्हायला हवं, नंतर नाही. सिकलसेल आईबापांकडून येतो, त्यामुळे मुलाचा निकाल हा एकट्या मुलाचा राहत नाही. आम्ही ज्वारीचे आणि उडदाचे दाणे वापरतो. आईच्या तळहातावर दोन दाणे, बापाच्या तळहातावर दोन दाणे. ज्वारीचा पांढरा दाणा चांगला, उडदाचा काळा सिकलचा. प्रत्येकाने न बघता एक दाणा पोराला द्यायचा. दोन्ही पांढरे आले तर पोराला काही नाही. एक काळा आला तर पोर वाहक: त्याला सहसा त्रास नाही, आयुष्य नेहमीसारखं. दोन्ही काळे आले तर आजार. आईबाप दोघांच्याही हातात एक पांढरा, एक काळा असेल तर प्रत्येक बाळंतपणात चारात एकदा आजार, चारात दोनदा वाहक, चारात एकदा काहीच नाही. दर वेळी दाणे नव्याने उचलायचे असतात, हे पुन्हा सांगावं लागतं. "पहिल्याला झालाय, म्हणजे आता पुढच्या तिघांना नाही," असा हिशोब लोक पटकन मांडतात.

या दाण्यांतूनच एक नाजूक गोष्ट बाहेर येऊ शकते. मुलाच्या हातात दोन काळे दाणे असतील तर आई आणि बाप दोघांकडेही निदान एकेक काळा असलाच पाहिजे. बापाची तपासणी कोरी निघाली तर घरात काय होईल, हे सांगायला नको. म्हणून आम्ही संशोधनात आईबापांचं रक्त घेत नाही. कुणाला स्वतःची तपासणी हवी असेल तर त्याला दवाखान्यात, समुपदेशनासह पाठवतो, आणि घरच्यांचे निकाल एकमेकांशेजारी ठेवून वाचत नाही.

दुसरी भीती लग्नाची. मुलगी वाहक आहे हे पाड्यावर फुटलं की तिच्या नावाशी ते चिकटतं. वाहक मुलाच्या नावाशी तेवढं चिकटत नाही, हेही खरं. एका ठिकाणी निकालांची यादी प्रार्थनेच्या वेळी वाचून दाखवली गेली होती, मुलींची नावं आणि पुढे निकाल. तेव्हापासून शाळेला आम्ही नावासह निकाल देत नाही. निकाल बंद पाकिटात, पालकांच्या हातात, घरी. मूल तेरा-चौदा वर्षांचं असेल तर पालकांसमोर त्यालाही. हा मार्ग संमतीपत्रात लिहिलेला असतो आणि मुख्याध्यापकांच्या परवानगीपत्रातही, म्हणजे नंतर यादी मागितली तर दाखवायला कागद असतो.

आता मूल. इथे सगळ्यात जास्त चुका होतात, कारण आश्रमशाळेतलं मूल मोठ्या माणसाला नाही म्हणत नाही. वर्गात उभं राहून "कोण कोण तयार आहे?" विचारलं की सगळे हात वर जातात. तो होकार नव्हे, ती शिस्त आहे. आम्ही मुलांशी एकेकट्याने बोलतो, वसतिगृहाच्या ओसरीवर, सगळ्यांना दिसेल पण ऐकू येणार नाही अशा जागी. शिक्षक नाही, अधीक्षक नाही, गळ्यात ओळखपत्र नाही, पेटी समोर नाही. खुर्चीवर बसायचं नाही, मुलाशेजारी खाली बसायचं.

सांगून झालं की "समजलं का?" विचारत नाही, कारण उत्तर नेहमी "हो" असतं. चार प्रश्न विचारतो. आम्ही काय करणार आहोत? किती घेणार? त्यातून तुला काय मिळेल? तू नाही म्हणालास तर काय होईल? पहिली तीन उत्तरं बहुतेक मुलं बरोबर देतात. चौथं उत्तर महत्त्वाचं. मूल म्हणालं, "सर रागावतील," तर त्याने कागदावर सही केलेली असली तरी तो होकार नाही. तेव्हा ओझं मुलावरून उचलावं लागतं: आम्ही सरांना नावं सांगणार नाही, आणि त्या दिवशी सगळा वर्ग त्याच खोलीत येईल. प्रत्यक्षातही तसंच करतो. प्रत्येक मूल एकेकटं पडद्यामागे जातं, तिथे सुई घ्यायची की नुसतं बसून परत यायचं हे त्याच्यावर असतं, आणि दोघांच्याही दंडाला कापूस-पट्टी लागते. कंपास पेटी द्यायची असेल तर ती आदल्या दिवशी, सगळ्यांना. रक्त दिल्यावर दिलेली पेटी ही किंमत होते.

"नाही" हा शब्द मुलं क्वचितच वापरतात. आपल्याला तो हातापायांत वाचावा लागतो. हात पाठीमागे, नजर पायाच्या अंगठ्यावर, उत्तर एका शब्दात, किंवा शेजारच्या मित्राकडे बघून दिलेलं. तोंडाने "हो" म्हणून दंड पोटाशी घट्ट धरलेलं मूल नाही म्हणत असतं. अशा मुलाला आम्ही "उद्या सांग" म्हणतो आणि उद्या स्वतःहून त्याच्याकडे जात नाही. ते आलं तर आलं. आईबापांची संमती असली तरी मुलाचा नकार या अभ्यासात शेवटचा, कारण यातून त्याला थेट उपचार मिळणार नाही. काही पालकांना हे पटत नाही: "मी सांगतो ना, तो देईल." त्यांना आधीच, अंगणात बसलेलं असतानाच सांगावं की तुमचा हा कागद आम्हाला पोराला विचारायची परवानगी देतो, रक्त घ्यायची नाही.

आईला तपासायला आमचा एकच प्रश्न असतो: "घरी सासूबाईंनी विचारलं, ते लोक काय म्हणत होते, तर काय सांगाल?" तिच्या उत्तरात रक्त, अर्धा चमचा, नाही म्हणता येतं आणि औषध मिळणार नाही या चार गोष्टी आल्या तर कागद पुढे करायचा. एखादी राहिली तर तेवढीच पुन्हा. तीनदा सांगूनही "औषध मिळणार" हेच परत आलं, तर त्या घरी त्या दिवशी अंगठा घेत नाही.

उरलेल्या रक्तासाठी संमतीपत्रात वेगळी चौकट ठेवावी. चाचण्या झाल्यावर नळीत थोडं उरतं, आणि ते पुढच्या अभ्यासासाठी साठवायचा मोह होतो. चौकटीवर वेगळी खूण नसेल तर ते नष्ट करायचं. नववीतली काही मुलं अभ्यास चालू असतानाच अठरा पूर्ण करतात. त्या दिवसापासून आईबापांचा कागद त्यांच्यासाठी पुरत नाही, त्यांच्याकडून मोठ्या माणसाची संमती नव्याने घ्यावी लागते. आमच्या वहीत अशा मुलांची नावं वेगळ्या पानावर असतात, तारखेसह. ज्यांच्या दाखल्यावर 1 जून आहे, त्यांच्यापुढे खरा जन्म कोणत्या सणाच्या आसपासचा, ते आईला विचारून लिहिलेलं असतं.